फॉलो केलंय, घंटीही दाबलीय, तरी नवं गाणं चुकतं: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते बघा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- गायकाच्या चॅनेलला सबस्क्राइब केलंय, पण गाणं आल्याचं शेजारणीच्या स्टेटसवरून कळतं.
- मुलाखती, रियाजाचे तुकडे, दौऱ्याचे व्हिडिओ यांची सूचना येते, गाण्याची मात्र येत नाही.
- गायकाची स्वतःची गाणी कळतात. सिनेमातली आणि मालिकांची शीर्षकगीतं नेमकी हुकतात.
- सूचना येते, पण आवाज होत नाही. सकाळी फोन उघडल्यावर ढिगाऱ्यात सापडते.
- ‘नवीन’ म्हणून जे येतं ते तीस वर्षांपूर्वीचं असतं.

फोंड्याला माझं मोबाईलचं दुकान आहे. स्क्रीन बदलायला आलेलं माणूस जाता जाता हे गाऱ्हाणं सांगतं, आणि श्रावणात जास्तच. वास्कोचा सप्ताह आणि पाठोपाठ चवथ म्हणजे भजनी मंडळांना नवं काहीतरी बसवायचं असतं. त्या दिवसांत फोन दुरुस्त करण्यापेक्षा घंट्या दुरुस्त करण्यातच माझा जास्त वेळ जातो.

आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

सेटिंगांत बोट घालण्याआधी ही चाचणी करा. पैसे लागत नाहीत, मिनिटभर पुरतं. जे गाणं चुकलं ते यूट्यूबवर शोधा आणि कुठल्या चॅनेलवर, कुठल्या तारखेला चढलं ते वाचा. मग खालच्या पट्टीतलं Subscriptions उघडा आणि त्या तारखेपर्यंत मागे जा.

या यादीत तुम्ही सबस्क्राइब केलेल्या चॅनेलांचं सगळं नवं तारखेच्या क्रमाने लागतं. घंटी कशीही असो, यादीला त्याचं सोयरसुतक नसतं. म्हणून गाणं यादीत दिसलं तर तुम्ही योग्य चॅनेल धरलंय आणि निरोप वाटेत अडकतोय: दोष घंटीत किंवा फोनमध्ये. यादीत नसेलच तर तुम्ही ज्या चॅनेलला धरून बसलाय तिथे ते गाणं आलंच नाही, आणि फोनची सगळी सेटिंगं पालथी घातलीत तरी हाती काही लागणार नाही. अशा लोकांनी मधले भाग सोडून सरळ ‘गाणं कुणाच्या नावावर चढलं?’ इथे जावं. माझ्याकडे येणाऱ्यांत तेच जास्त असतात, पण स्वस्तातलं आधी उरकून घेऊ.

१. खातं कुणाचं आहे?

घरातल्या फोनवर दोन-तीन गूगल खाती असतात: आपलं, मुलाचं, कधी शाळेचं किंवा कचेरीचं. सबस्क्राइब एका खात्यातून झालेलं असतं आणि यूट्यूब उघडं असतं दुसऱ्यात. उजवीकडे खाली तुमचं चित्र आहे त्यावर बोट ठेवा आणि वर कुठला ईमेल दिसतो ते बघा. टीव्हीवरही हाच घोळ होतो. टीव्ही मुलाच्या खात्यावर चालतो, आई रिमोटने सबस्क्राइब करते आणि सूचना जाते मुलाच्या फोनवर. मुलगा बेंगळुरूला.

२. घंटी नेमकी कशावर आहे?

सबस्क्राइब केल्यावर यूट्यूब आपणहून घंटी Personalised वर ठेवतं. म्हणजे तुम्ही काय बघता त्यावरून कुठली सूचना द्यायची ते यूट्यूबच ठरवणार. वर्षातून चार गाणी करणाऱ्या गायकाच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो, कारण मधल्या महिन्यांत तुम्ही त्या चॅनेलवर फिरकलेलेच नसता. चॅनेलच्या पानावर जाऊन घंटी All करा. पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास बंद करून ठेवला असेल तर Personalised वर मुळीच विसंबू नका.

All केल्यावरही एक मर्यादा उरते, ती पुष्कळांना ठाऊक नसते: एका चॅनेलकडून चोवीस तासांत नव्या व्हिडिओंच्या जास्तीत जास्त तीन सूचना मिळतात. एकट्या गायकाला तीन पुरेत. दिवसाला दहा-दहा व्हिडिओ टाकणाऱ्या कंपनीच्या चॅनेलला पुरत नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

गाण्याची तारीख आधी जाहीर होऊन प्रीमियरचं पान तयार झालं असेल तर त्या पानावरचं Notify me दाबा. एका गाण्यापुरता हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. सुरू होण्याच्या अर्धा तास आधी एकदा आणि सुरू होताना एकदा सूचना येते.

३. फोन सूचना गिळतोय का?

इथे बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण सोप्या.

यूट्यूबच्या स्वतःच्या सेटिंगांत Notifications मध्ये जा. तिथे Scheduled digest चालू असेल तर दिवसभराच्या सूचना गोळा करून एकदाच दिल्या जातात. त्याच पानावर Disable sounds & vibrations असतं आणि ते बहुधा रात्री दहा ते सकाळी आठ असं लावलेलं असतं. मध्यरात्री आलेलं गाणं मुकाट्याने येऊन पडतं ते यामुळे. जगभर नवीन गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करायची पद्धत 10 जुलै 2015 पासून आहे, आणि ऐकायच्या अॅपवर ती बहुतेक रात्री बाराच्या ठोक्याला चढतात. त्यामुळे गुरुवारी रात्री फोन मुका असेल तर सूचना हुकल्यासारखी वाटते. आपली सिनेमाची गाणी मात्र वार बघत नाहीत, कंपनीच्या मनात येईल त्या दिवशी येतात.

मग फोनच्या सेटिंगांत Apps, त्यात यूट्यूब, त्यात Notifications. अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक अॅपला सूचना दाखवायची परवानगी मागावी लागते. पहिल्यांदा ती खिडकी आली तेव्हा घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल तर अॅप पुन्हा पुन्हा विचारत बसत नाही. त्याच पानावर सूचनांचे प्रकार वेगवेगळे दिसतात. सबस्क्रिप्शनचा प्रकार बंद आणि बाकी चालू, असे फोन मी बरेच पाहिलेत. जाहिरातींना कंटाळून सूचना दाबून धरली की नेमका तोच प्रकार बंद होतो.

क्वचित उघडल्या जाणाऱ्या अॅपांची गंमत निराळी. अॅप काही महिने उघडलं नाही की नवे अँड्रॉइड फोन त्याला झोपवतात, परवानग्या काढून घेतात आणि सूचनाही थांबवतात. फक्त सूचनेसाठी ठेवलेलं अॅप असंच मरतं. अॅपच्या माहितीच्या पानावर तळाशी Pause app activity if unused किंवा अशाच अर्थाचं काही असेल, ते बंद करा. काही फोनांत Autostart ही वेगळी परवानगी असते, तीही द्या. आणि फोन ‘साफ’ करणारी अॅपं काढून टाका. ती बाकीच्या अॅपांना जबरदस्तीने थांबवतात, आणि अँड्रॉइडवर असं थांबवलेलं अॅप तुम्ही हाताने उघडेपर्यंत त्याच्याकडे सूचना पोहोचत नाही.

आयफोनवर दोनच जागा बघा: Focus आणि Scheduled Summary. दुसऱ्यात यूट्यूब किंवा म्युझिक गेलं असेल तर सूचना ठरलेल्या वेळी गठ्ठ्याने येते.

इथपर्यंत केल्यावर खात्री करून घ्यायला गायकाच्या गाण्याची वाट बघत बसू नका. रोज सकाळी व्हिडिओ टाकणारं एखादं बातम्यांचं चॅनेल धरा, घंटी All करा, फोन कुलूपबंद करून ठेवा. दुपारपर्यंत सूचना आली तर फोन ठीक आहे. मग ते चॅनेल सोडून द्या.

४. गाणं कुणाच्या नावावर चढलं?

खरी गोम इथे आहे. आपण माणसाला फॉलो करतो. गाणं मात्र ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्या नावावर चढतं.

‘सैराट’ घ्या, 2016 चा. ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषालने गायलं, संगीत अजय-अतुल यांचं, आणि गाणं चढलं झी म्युझिक मराठीच्या चॅनेलवर. त्या वेळी कुणी फक्त श्रेया घोषालच्या चॅनेलची घंटी लावून बसलं असतं तर त्या घंटीने या गाण्यासाठी वाजायचं काही कारणच नव्हतं. पार्श्वगायकांच्या बाबतीत हे अपवादाने होत नाही, रीतच ती आहे. सिनेमाचे हक्क म्युझिक कंपनीकडे, मालिकेच्या शीर्षकगीताचे बहुधा वाहिनीकडे, भक्तिगीतांचे ज्याने अल्बम काढला त्याच्याकडे.

ऐकायच्या अॅपांतही तसंच. सिनेमाचा अल्बम संगीतकाराच्या किंवा Various Artists या नावाखाली लागतो आणि गायकाचं नाव फक्त त्या एका गाण्यासमोर येतं. गायकाच्या पानावर वर जे अल्बम दिसतात त्यात तो नसतो. बराच खाली, Appears On मध्ये असतो. तिथली भर सूचनेत येईल याची हमी नाही.

म्हार्दोळच्या एक निवृत्त संगीत शिक्षिका या चवथीआधी आल्या होत्या. ‘बाबा, माझी घंटी वाजत नाही रे,’ म्हणून. त्यांना एका गायिकेचं मराठी सिनेमातलं गाणं मुलींकडून बसवून घ्यायचं होतं आणि ते येऊन तीन आठवडे झाल्याचं त्यांना विद्यार्थिनीकडून कळलं होतं. Subscriptions मध्ये गाणं नव्हतं. म्हणजे फोन निर्दोष. मग त्यांनी धरलेलं चॅनेल उघडलं. नावापुढे आडवी रेघ आणि Topic. चित्र म्हणून नुसतं अल्बमचं मुखपृष्ठ. एका गाण्याचं वर्णन उघडलं तर पहिली ओळ Provided to YouTube by अशी आणि शेवटची Auto-generated by YouTube.

हे चॅनेल गायिकेचं नव्हेच. कंपन्यांनी पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून यूट्यूब ते आपोआप बनवतं. तिथे सबस्क्राइब करता येतं, म्हणून माणूस फसतो, पण नव्या गाण्याच्या सूचनेसाठी त्याचा भरवसा धरू नये. कलाकाराच्या अधिकृत चॅनेलच्या नावापुढे संगीताच्या सुराचं ♪ चिन्ह असतं, ते शोधायचं. आम्ही शोधलं, सबस्क्राइब केलं, घंटी All केली.

पण तेवढ्याने काम होणार नव्हतं, कारण चुकलेलं गाणं त्या चॅनेलवरही नव्हतं. ते कंपनीच्या चॅनेलवर होतं. बाई म्हणाल्या, मग कंपनीची घंटी लाव. मी लावू दिली नाही. कंपनी दिवसभर टीझर, तुकडे, शब्दांचे व्हिडिओ, जुन्या गाण्यांच्या माळा टाकत असते. वरची तीन सूचनांची मर्यादा त्यातच संपते आणि हवं ते गाणं चौथं निघतं. शिवाय दोन दिवसांत माणूस वैतागून सगळ्याच सूचना बंद करतं.

त्याऐवजी असं केलं. कंपनीच्या चॅनेलला सबस्क्राइब केलं पण घंटी None वर, म्हणजे गाणी Subscriptions च्या यादीत येतात, फोन वाजत नाही. त्या गायिकेला वारंवार गाणी देणाऱ्या संगीतकाराचं अधिकृत चॅनेल धरलं, त्याची घंटी All. सिनेमाचं गाणं कंपनीकडे गेलं तरी संगीतकार बहुतेक वेळा आपल्या चॅनेलवर त्याबद्दल काहीतरी टाकतोच, आणि दिवसाला दहा व्हिडिओ तो टाकत नाही. शिवाय शनिवारी सकाळी कंपनीच्या चॅनेलवर भिंगाचं चिन्ह दाबून गायिकेचं नाव शोधायचं, एवढं त्यांच्या अंगवळणी पाडलं. ही चॅनेलच्या आतली शोधपट्टी फार कमी लोक वापरतात. नाव देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा टाकायचं.

ते दोन्ही लिप्यांचं आपल्याकडे विशेष जपावं लागतं. कोंकणी गाणी तर रोमीत आणि देवनागरीत दोन्हीकडे चढतात, आणि तियात्रांतली कांतारं गायकाच्या नव्हे तर निर्मात्याच्या चॅनेलवर सापडतात. मराठी नावांचंही स्पेलिंग एका कंपनीचं एक, दुसरीचं दुसरं. स्पेलिंग बदललं की अॅपांत त्याच गायकाची दोन पानं तयार होऊ शकतात. दोन्ही फॉलो करून ठेवा.

५. स्पॉटिफाय आणि अॅपल म्युझिक

गाण्याला पसंती देणं आणि गायकाला फॉलो करणं या दोन गोष्टी आहेत. शंभर गाणी साठवली तरी Follow दाबलेलं नसतं. गायकाच्या पानावर जाऊन बघा. स्पॉटिफायमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवलं की What's new दिसतं. फॉलो केलेल्यांची नवी गाणी तिथे जमतात, सूचना आली असो वा नसो. यूट्यूबच्या Subscriptions सारखीच ही चाचणीची जागा. Release Radar ही यादी दर शुक्रवारी बदलते, म्हणून मंगळवारी आलेलं गाणं तिथे बुधवारी शोधू नका. अॅपल म्युझिकमध्ये गायकाच्या पानावरचा तारा दाबायचा आणि आपल्या खात्याच्या Notifications मध्ये New Music चालू आहे ना ते पाहायचं.

‘नवं’ म्हणून जुनं येण्याचा त्रास दिवंगत गायकांच्या बाबतीत जास्त. जितेंद्र अभिषेकीबुवा 1998 मध्ये गेले, किशोरीताई 2017 मध्ये. तरी त्यांच्या पानांवर भर पडत राहते, कारण कंपन्या जुनी ध्वनिमुद्रणं नव्या मुखपृष्ठाखाली, नव्या तारखेने पुन्हा चढवतात. अल्बमच्या तळाशी ℗ पुढे साल असतं. ते जुनं असेल तर ध्वनिमुद्रणही जुनंच. नवं असेल तर मात्र लगेच हुरळू नका, गाण्याची मिनिटं-सेकंदं जुन्या अल्बमशी ताडून बघा. कधीकधी खरोखर अप्रकाशित मैफलही निघते, म्हणून यांना अनफॉलो करा असं मी सांगणार नाही. सूचना बंद ठेवा आणि यादी अधूनमधून चाळा.

६. घंटीवर विश्वासच नको असेल तर फीड

सगळ्यात कटकटीचा आणि सगळ्यात सरळ वागणारा मार्ग हा. प्रत्येक यूट्यूब चॅनेलची एक फीड असते, म्हणजे नव्या व्हिडिओंची आपोआप भरत जाणारी साधी यादी. तिला घंटी, इतिहास, तीनची मर्यादा काही लागू नाही. चॅनेलच्या माहितीच्या पानावर Share channel मध्ये Copy channel ID असतं. UC ने सुरू होणारा तो सांकेतिक क्रमांक खालच्या ओळीत शेवटी जोडा:

```
https://www.youtube.com/feeds/videos.xml?channel_id=UC...
```

ही ओळ कुठल्याही फीड वाचणाऱ्या अॅपमध्ये टाका. अँड्रॉइडवर Feeder फुकट मिळतं. काही अॅपांत शब्दाची चाळणी लावता येते. कंपनीच्या फीडला गायिकेच्या नावाची चाळणी लावली की दहातला एकच व्हिडिओ वर येतो. फीडमध्ये शेवटचे 15 व्हिडिओच असतात, तेव्हा भरपूर टाकणाऱ्या चॅनेलसाठी अॅपने दिवसातून निदान दोन-तीनदा तपासावं असं लावा. नाहीतर मधले निसटतात. आणि फीड वाचणाऱ्या अॅपलाही तिसऱ्या भागातले फोनचे सगळे नियम लागू आहेत, हे विसरू नका.

म्हार्दोळच्या बाईंना मी हे लावून दिलं नाही. नातू घरी असता तर दिलं असतं.

कुठे थांबायचं

गायकाच्या पानावर दुसऱ्याच नावबंधूची गाणी मिसळली असतील तर ते तुमच्याने दुरुस्त होणार नाही. अॅपमधून तक्रार करा आणि सोडून द्या. पान वेगळं करणं कलाकार, त्याची कंपनी किंवा अॅपवाले यांच्याच हातात आहे.

सबस्क्राइब केलेली चॅनेलं आपोआप गायब होत असतील किंवा कधी न पाहिलेली चॅनेलं यादीत येत असतील तर हा गाण्याचा प्रश्न नाही, खात्यात दुसरं कुणी शिरलंय. त्याच क्षणी पासवर्ड बदला, गूगल खात्याच्या Security मध्ये जाऊन अनोळखी फोन काढून टाका. हे जमत नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाला बसवा, दुकानदाराला पासवर्ड देऊ नका. मलाही नको. तसंच नवीन गाण्यांच्या सूचना देतो म्हणून गूगलचा पासवर्ड मागणारं किंवा प्ले स्टोअरबाहेरून टाकायला सांगणारं अॅप घेऊ नका.

आणि शेवटचं. बातम्यांच्या चॅनेलची चाचणी फसली, व्हॉट्सअॅपचे निरोपही अॅप उघडल्यावरच दिसतात, बँकेच्या अॅपची सूचना तासाभराने येते, असं असेल तर घंटी, चॅनेल, फीड सगळं विसरा. दोष फोनच्या प्रणालीत आहे. फोन एकदा बंद करून चालू करा, अपडेट राहिलं असेल तर घ्या. त्यानेही फरक पडला नाही तर कंपनीच्या सेवा केंद्रात जा. तिथे फोन मुळापासून पुसायला सांगतील, तेव्हा फोटो, व्हॉट्सअॅप आणि ध्वनिमुद्रणं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मंडळाच्या तालमीची ध्वनिमुद्रणं बहुधा फक्त फोनमध्येच असतात आणि ती कुणाला परत आणता येत नाहीत. जाताना खरेदीची पावती आणि गूगलचा पासवर्ड आठवून जा. पुसलेला फोन सुरू करताना तोच आधी विचारतो.